पिशवीतले दूध, तापवलेले दूध आणि ब्रेडचे पीठ

ब्रेड करणाऱ्यांमध्ये असा एक संदेश फिरतो आहे: «ब्रेडसाठी दूध तापवून गार करत बसणे ही जुन्या काळची सवय आहे. पिशवीतले दूध आधीच पाश्चराइज्ड असते, त्यामुळे तापवून काही फरक पडत नाही. कृतीत पाणी जेवढे लिहिले असेल तेवढेच दूध घाला. दुधाने ग्लुटेन मजबूत होते म्हणून ब्रेड मऊ होतो. दुधातली साखर यीस्ट खाते आणि जी उरते तिचे कॅरॅमल होऊन रंग येतो.»

पहिल्या वाक्यात अर्धे सत्य आहे आणि ते आधी मान्य केले पाहिजे. ब्रेडच्या जुन्या पाश्चात्त्य कृतींमध्ये दूध कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंत, म्हणजे साधारण ८२ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून मग कोमट होऊ द्यावे, असे लिहिलेले असते. त्या कृती घडल्या तेव्हा दूध गोठ्यातून थेट स्वयंपाकघरात येत असे आणि त्यातले जिवाणू तासन्‌तास फुगणाऱ्या पिठात यीस्टच्या बरोबरीने वाढून पीठ आंबवत असत. शिवाय गरम दुधात लोणी वितळे आणि साखर विरघळे. पिशवीतल्या दुधाच्या बाबतीत स्वच्छतेचे कारण खरोखरच उरलेले नाही. मात्र त्या तापवण्यात आणखी एक काम कुणाच्या ध्यानीमनी नसताना होऊन जात असे, आणि ते काम पाश्चरीकरण करत नाही.

दुसऱ्या विधानाची चूक इथेच आहे. पिशवीतले दूध बहुधा ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून लगेच गार केलेले असते. ही मर्यादा रोगजंतू मरावेत आणि दुधाची चव शक्य तितकी कच्च्या दुधासारखी राहावी, अशी बेताने आखलेली आहे. दुधात फॉस्फटेज नावाचे एक विकर, म्हणजे एन्झाइम, असते. ते या उष्णतेने निकामी होते, म्हणून ते शिल्लक आहे की नाही हे पाहून पाश्चरीकरण नीट झाले का, याची चाचणी घेतात. त्याच दुधातले लॅक्टोपेरॉक्सिडेज नावाचे दुसरे विकर मात्र या उष्णतेतून सहीसलामत सुटते आणि ८० अंशांच्या आसपास नष्ट होते. म्हणजे ‘आधीच तापवलेले दूध’ या शब्दांना फारसा अर्थ नाही. किती अंशांपर्यंत आणि किती वेळ, हे सांगितल्याशिवाय त्यावरून काहीच ठरत नाही.

ब्रेडच्या दृष्टीने प्रश्न विकरांचा नसून प्रथिनांचा आहे. १०० ग्रॅम दुधात तीन ग्रॅमांहून थोडी अधिक प्रथिने असतात. त्यांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असते, जे साध्या उकळीला दाद देत नाही. उरलेली सुमारे २० टक्के निवळीतली, म्हणजे दूध फाटल्यावर सुटणाऱ्या पाण्यातली, प्रथिने असतात, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनचा असतो. कच्च्या किंवा नुसत्या पाश्चराइज्ड दुधात या प्रथिनाची साखळी घट्ट गुंडाळलेली असते आणि तिच्यातला गंधकाचा क्रियाशील भाग गुंडाळीच्या आत दडलेला असतो. तापमान सत्तरीच्या वर गेले की ही गुंडाळी सुटू लागते. ८० अंशांच्या पुढे ती भराभर सुटते आणि मोकळे झालेले प्रथिन केसीनच्या कणांना जाऊन चिकटते.

हे ऐकून प्रयोगशाळेतली गोष्ट वाटेल, पण विरजण लावणाऱ्या प्रत्येक घराला ती हाताने ठाऊक आहे. पिशवी फोडून दूध नुसते कोमट केले आणि त्यात विरजण घातले, तर दही लागते, पण ते पातळ आणि चमचा घालताच पाणी सोडणारे होते. तेच दूध नीट उकळून, मंद आचेवर थोडा वेळ राहू देऊन, मग कोमट करून लावले, तर कवडीदार दही लागते. दोन्हीकडे दूध तेच आणि विरजणही तेच असते, मात्र दुसऱ्या दुधात निवळीतली प्रथिने केसीनला चिकटून जाळी दाट झालेली असते.

ब्रेडच्या पिठात न तापवलेली निवळीची प्रथिने ग्लुटेनच्या, म्हणजे मैद्यातल्या प्रथिनांच्या लवचीक जाळीच्या, आड येतात. ग्लुटेनची जाळी बऱ्याच अंशी गंधकाच्या बंधांवर उभी असते, आणि ज्या प्रथिनात क्रियाशील गंधक शाबूत आहे त्याची या बंधांमध्ये ढवळाढवळ होते, अशी त्याची रूढ उपपत्ती आहे. परिणाम कोणत्याही बेकरीवाल्याने ओळखावा असा असतो: पीठ सैल पडते, उभे राहण्याऐवजी पसरते आणि ब्रेडची उंची कमी होते. म्हणूनच बेकरीसाठी दुधाची भुकटी करताना दूध वाळवण्यापूर्वी ८५ अंशांच्या आसपास २० ते ३० मिनिटे राखण्याची पद्धत आहे. अशा भुकटीची पारखही न बिघडलेली निवळीची प्रथिने किती उरली, यावरूनच होते. एका ग्रॅम भुकटीत त्या प्रथिनांचे नायट्रोजन १.५ मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल, तर ती ‘अधिक उष्णतेची’ भुकटी समजतात. ६ मिलिग्रॅमच्या वर असेल, तर ‘कमी उष्णतेची’. तापवण्याने काही फरक पडत नसता, तर या उद्योगाने इंधन जाळून हा उपद्व्याप केला नसता.

यातून जुन्या कृतीतलीही एक उणीव दिसते. दूध ८२ अंशांना टेकवून लगेच उतरवले, तर काम सुरू होते, पण पुरते होत नाही. ८५ ते ९० अंशांवर आठ-दहा मिनिटे राहिलेल्या दुधात ते बऱ्यापैकी पूर्ण होते. आपल्याकडे दूध आले की ते उकळायचे, ही रीत अनेक घरांत अजून टिकून आहे. एक उकळी येऊन, आच बारीक करून पाच-सात मिनिटे राहिलेले आणि मग ओट्यावर हळूहळू निवलेले सकाळचे दूध या कामाला पुरेसे आहे, तेव्हा ब्रेडसाठी म्हणून वेगळे काही तापवायची गरज नाही. फिरत्या संदेशाचा खरा तोटा आहे तो पिशवी फ्रिजमधून काढून थेट वापरणाऱ्या नव्या घरांना, आणि अमेरिका-इंग्लंडमधल्या मराठी घरांना, जिथे दुधाचा कॅन आणल्यावर तो उकळायचा प्रश्नच येत नाही.

हा फरक केवढा असतो, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. कृतीत पाणी मुख्य असेल आणि दूध चार चमचे असेल, तर तो दिसणारही नाही. लोणी, अंडी आणि साखर भरपूर असलेल्या गोड पिठात तो इतर गोष्टींखाली दबून जातो. सगळा ओलावा दुधाचाच असलेल्या साध्या मिल्क ब्रेडमध्ये मात्र तो दिसतो, आणि आपल्या मैद्यात तो जास्त दिसतो, कारण बाजारातला साधा मैदा परदेशी ‘ब्रेड फ्लोअर’च्या मानाने मुळातच मऊ असतो आणि त्याच्या ग्लुटेनकडे वाया घालवण्याएवढी ताकद नसते. न तापवलेल्या दुधाचा ब्रेड ‘बिघडतो’ असे माझे म्हणणे नाही. तो बसकट होतो.

मी स्वतः हे पडताळायला गेलो, तेव्हा पहिल्या खेपेला मला नेमके उलटे उत्तर मिळाले होते. ते कसे, हे सांगणे भाग आहे, कारण ‘मी दोन्ही करून पाहिले, काही फरक नाही’ म्हणणारे बहुतेक जण तिथेच फसत असावेत. दोन ठिकाणी ३०० ग्रॅम मैदा घेतला. एकात २१० ग्रॅम टोन्ड दूध पिशवीतून कोमट करून घातले. दुसऱ्यासाठी तेवढेच दूध जाड बुडाच्या पातेल्यात दहा मिनिटे तापवले, गार केले, वर आलेली साय काढून बाजूला ठेवली आणि उरलेले दूध घातले. तापवलेल्या दुधाचे पीठ हाताला घट्ट लागले, फुगायला वेळ लागला आणि ब्रेड दुसऱ्यापेक्षा लहान झाला. संदेश खरा, मी खोटा, असे म्हणून विषय संपवणार होतो. सहज रिकामे पातेले आणि सायीची वाटी वजनकाट्यावर ठेवली, तेव्हा कळले की दुधाचे पाणी वाफेवाटे उडाले होते, काही दूध पातेल्याला चिकटले होते, काही सायीत गेले होते, आणि पिठात पडलेला ओलावा पहिल्यापेक्षा बराच कमी होता. मी तापवलेल्या आणि न तापवलेल्या दुधाची तुलना केलीच नव्हती. मी घट्ट आणि सैल पिठाची तुलना केली होती.

दुसऱ्या खेपेला पातेल्यासकट वजन केले, तापवताना झाकण किलकिले ठेवले, साय काढून न टाकता गार झाल्यावर दुधातच फेटून घेतली आणि जेवढे वजन घटले होते तेवढे पाणी घालून दूध पुन्हा २१० ग्रॅमवर आणले. बाकी सगळे सारखे: साखर २५ ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ४ ग्रॅम आणि पीठ एकजीव झाल्यावर २५ ग्रॅम लोणी. पहिली पाच-सहा मिनिटे दोन्ही गोळे सारखेच होते. त्यानंतर तापवलेल्या दुधाचा गोळा परातीपासून सुटू लागला आणि त्याचा तुकडा बोटांवर ताणला की पारदर्शक पडदा होईपर्यंत टिकू लागला. दुसरा तळहाताला चिकटतच राहिला आणि ताणताना पडद्याला मधेच भोके पडली. झाकून ठेवल्यावर एक घुमटासारखा वर आला, तर दुसरा भांड्याच्या कडेला टेकून सपाट पसरला. भाजल्यावर दोन्ही ब्रेडच्या माथ्यात बोटभर फरक होता, आणि सैल ब्रेडच्या कापात वरच्या बाजूला मोठी, आडवी भोके होती. एका घरच्या ओव्हनमधला हा अनुभव आहे, त्याला त्याहून मोठे नाव देऊ नये. पण पाण्याचा हिशेब जमवल्यावर उत्तर पालटले, एवढे नक्की.

तिसऱ्या विधानाचा समाचारही याच हिशेबात आहे. दूध म्हणजे पाणी नव्हे. आपल्याकडच्या टोन्ड दुधाचे मानक ३ टक्के स्निग्धांश आणि ८.५ टक्के स्निग्धेतर घन पदार्थ असे आहे, म्हणजे पाणी ८८.५ टक्के. फुल क्रीम दुधात ६ आणि ९ टक्के जाऊन पाणी ८५ टक्केच उरते. २०० ग्रॅम पाण्याच्या जागी २०० ग्रॅम टोन्ड दूध घातले, तर पिठाला २३ ग्रॅम पाणी कमी पडते; फुल क्रीम घातले, तर ३०. शिवाय दुधातली प्रथिने स्वतःही थोडे पाणी धरून ठेवतात. साधारण दहा टक्के जास्त दूध घेऊन सुरुवात करावी आणि उरलेला फरक मळताना हाताच्या अंदाजाने भरून काढावा. एकदम सगळे वाढवू नये, कारण दुधातले फॅटही पीठ थोडे सैल करते. इथे एक गंमत आहे: न तापवलेले दूध पीठ सैल करते आणि पाण्याच्या जागी तेवढेच घातलेले दूध पीठ घट्ट करते. त्यामुळे संदेशातल्या दोन चुका एकमेकींना झाकतात, आणि संदेशाप्रमाणे वागणाऱ्याला पीठ ‘ठीकठाक’ वाटते. त्या ठीकठाक पिठाचा ब्रेड दुसऱ्या दिवशी भुसभुशीत लागतो, तेव्हा दोष मैद्यावर जातो.

ब्रेड मऊ होण्याचे कारण मात्र संदेशाने पार उलटे सांगितले आहे. ग्लुटेन जितके बळकट, तितका ब्रेड चिवट. कडक कवचाचा, दातांनी ओढून खावा लागणारा पाव बळकट ग्लुटेनचाच असतो. दुधाचा मऊपणा येतो तो प्रामुख्याने फॅटमुळे. वर दिलेल्या कृतीत २१० ग्रॅम टोन्ड दुधातून जेमतेम सहा ग्रॅम फॅट येते, फुल क्रीममधून त्याच्या दुप्पट, आणि उरलेले लोण्यातून. हे फॅट ग्लुटेनच्या धाग्यांमध्ये वंगणासारखे बसते, हवेच्या पुटकुळ्या ताणल्या जाताना फुटू देत नाही आणि ब्रेड घास मोडावा इतका कोवळा ठेवते. लॅक्टोज ही दुधातली साखर आणि प्रथिने ओलावा धरतात, म्हणून वरचे कवचही पातळ आणि मऊ राहते. साय काढून तूप करणाऱ्या घरांनी इथे लक्ष द्यावे, कारण तीन दिवस साय निघालेल्या दुधात फॅट फारसे उरत नाही. त्या दुधाचा ब्रेड करायचा, तर लोणी आठ-दहा ग्रॅमने वाढवावे.

दुधाने ग्लुटेन मजबूत होते, हा समज कशातून आला असावा, याचा अंदाज करता येतो. पीठ आंबत जाते तसे आम्ल वाढते. दुधातली प्रथिने आणि फॉस्फेट हे आम्ल काही प्रमाणात शोषून घेतात. त्यामुळे नीट तापवलेल्या दुधाचे पीठ अर्धा तास जास्त फुगत राहिले तरी पटकन ढासळत नाही. ही सहनशीलता आहे, बळकटी नव्हे. आणि ती मिळवायची तर आधी निवळीच्या प्रथिनांचा अडसर दूर झालेला असावा लागतो.

रंगाविषयीच्या वाक्याचे दोन्ही भाग चूक आहेत. ब्रेडचे यीस्ट लॅक्टोज खात नाही. ते फोडणारे विकरच त्याच्याजवळ नसते. कृतीतली साधी साखर ते मळता मळताच फोडून संपवायला लागते, पण दुधातून आलेले दहाएक ग्रॅम लॅक्टोज पहिल्या मिनिटापासून ओव्हनच्या दारापर्यंत जसेच्या तसे राहते. लॅक्टोजची गोडी साखरेच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतकीच असल्याने जिभेला ते जाणवत नाही. पाण्याच्या पिठात आंबवणे लांबले की साखर संपून ब्रेड फिकट, राखाडी निघतो. दुधाचा ब्रेड जास्त आंबला तरी रंग घेतोच, आणि यीस्टने लॅक्टोजला हात लावलेला नाही, याचा हा डोळ्यांना दिसणारा पुरावा आहे. लॅक्टोज-विरहित म्हणून मिळणारे दूध वापरणाऱ्यांनी मात्र हे गृहीत धरू नये. त्यात लॅक्टोज आधीच फोडलेले असते, त्यातले ग्लुकोज यीस्ट खाऊ शकते, आणि उरलेल्या साखरा रंग आणखी लवकर धरतात.

तो रंग कॅरॅमलचाही नव्हे, निदान मुख्यतः नव्हे. नुसत्या लॅक्टोजचे कॅरॅमल व्हायला २०० अंशांच्या आसपासची उष्णता लागते. दुधाच्या ब्रेडचे कवच त्याच्या खूप आधी, १४०-१५० अंशांना सोनेरी होऊ लागते, कारण लॅक्टोज आणि प्रथिनांमधली अमिनो आम्ले यांच्यात मायार अभिक्रिया होते. दुधाच्या प्रथिनांत लायसीन भरपूर असते आणि ते या अभिक्रियेत फार तत्पर असते. खवा आटवताना दुधाला जो तांबूस रंग आणि खमंग वास येतो, तोही बराचसा याच घराण्यातला. हा भेद शब्दांचा नाही. त्यावर ओव्हनचे तापमान ठरते. पाण्याचा ब्रेड २२० अंशांवर भाजता येतो. तेच तापमान दुधाच्या ब्रेडला लावले, तर पंधरा मिनिटांत माथा गडद होतो, माणूस घाबरून ब्रेड बाहेर काढतो आणि कापल्यावर मधला भाग ओला, चिकट निघतो. ३०० ग्रॅम मैद्याच्या दुधाच्या ब्रेडला १८० अंश आणि तीसएक मिनिटे द्यावीत. विसाव्या मिनिटाला रंग मनासारखा आला असेल, तर वरून फॉइल सैल झाकावी. मध्यभागी तापमापी ९०-९३ अंश दाखवू लागला की ब्रेड झाला. तापमापी नसेल तर साच्यातून काढून तळ ठोठावून पाहावा. ब्रेडच्या बाजू फिकट आणि दाबल्या की आत जाणाऱ्या असतील, तर माथ्याच्या रंगावर न जाता ब्रेड परत आत घालावा.

तापवलेल्या दुधाची एकच खरी अडचण आहे, ती गार करण्याची. साधारण ५५ ते ६० अंशांना यीस्ट मरते, आणि जाड बुडाच्या पातेल्यातले दूध वरून कोमट वाटले तरी तळाशी गरम असते. ते ढवळून मनगटावर थेंब टाकून पाहावा. थंडीत नाशिक-पुण्याकडे ३५ अंशांचे दूध चालेल. मे महिन्यात मुंबईत मात्र कोमट दुधानेही पीठ मळता मळताच तापते आणि हवे त्याआधी फुगून बसते. मळून झालेले पीठ २६ ते २८ अंशांवर असावे, म्हणून उन्हाळ्यात आदल्या रात्री उकळलेले दूध फ्रिजमधून काढून थंडच घालावे.

टेट्रापॅकमधले दूध आधीच १३५ अंशांच्या वर काही सेकंद राहिलेले असते आणि त्यात निवळीची प्रथिने बऱ्याच प्रमाणात सुटलेली असतात, त्यामुळे ते पुन्हा तापवले नाही तरी चालते. भुकटीचे तसे नाही. किराणा दुकानातल्या साध्या भुकटीच्या पाकिटावर ती कमी उष्णतेची आहे की अधिक, हे सहसा लिहिलेले नसते, म्हणून ती पाण्यात कालवून आठ-दहा मिनिटे ८५ अंशांवर ठेवून घ्यावी. चहासाठी मिळणाऱ्या डेअरी व्हाइटनरमध्ये बहुधा साखर मिसळलेली असते, ती कृतीतल्या साखरेतून वजा करावी.

हल्ली मैद्याचा थोडा भाग दुधात शिजवून त्याची खीर पिठात घालण्याची जपानी पद्धत लोकप्रिय झाली आहे, आणि ‘दूध तर खिरीत शिजलेच’ असे कुणी म्हणेल. ती खीर ६५ अंशांना दाटते आणि तिथेच उतरवतात. तेवढ्याने मैद्यातला स्टार्च फुलतो, पण निवळीच्या प्रथिनांना धक्का लागत नाही, आणि खिरीबाहेरचे दूध तर कच्चेच राहते. तेव्हा त्या कृतीतही दूध आधी उकळून, गार करून, वजन भरून मगच मैद्यात घालावे.